अडीच गुणांनी हुकलेली पूर्व परीक्षा: नवी पुस्तकं घेण्याआधी जुना पेपर उघडा

एमपीएससीच्या गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. कटऑफ ४८.५०, तिचे गुण ४६. रडून झालं होतं आणि आता ती निर्णय घ्यायच्या मूडमध्ये होती. "दादा, मी पुण्याला जाते. इथं सोलापुरात राहून काही होत नाही. क्लास बदलते, अर्थव्यवस्थेचं पुस्तकही बदलते."

मी स्वतः ही परीक्षा चार वेळा दिली आहे. दोनदा पूर्वमध्येच गारद झालो, आणि दोन्ही वेळा निकालानंतरच्या आठवड्यात नवी पुस्तकं आणली. त्यातलं एक अजून कपाटात आहे, पहिली तीस पानं अधोरेखित केलेलं. म्हणून तिला म्हटलं, पुण्याचं नंतर बघू. रविवारी प्रश्नपुस्तिका, उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आणि अंतिम उत्तरतालिका घेऊन ये. सोबत एक दोनशेपानी वही आण.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी त्या रविवारी आणि पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही जे केलं, ते इथे क्रमानं लिहितोय. पेपर १०० प्रश्नांचा, १०० गुणांचा आणि ६० मिनिटांचा. बरोबर उत्तराला १ गुण, चुकलं की पाव गुण वजा. खालचे सगळे आकडे या हिशोबाचे आहेत. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात प्रश्नाला २ गुण आणि वजाबाकी अर्ध्या गुणाची, म्हणजे प्रमाण तेच.

उत्तरतालिका बघण्याआधीची खूण

सगळ्यात मोलाची माहिती परीक्षेच्या दिवशीच मिळते आणि दोन दिवसांत उडून जाते. कुठलं उत्तर तुम्ही खात्रीनं रंगवलं आणि कुठलं तुक्का मारून, एवढीच ती माहिती. उत्तरतालिका एकदा पाहिली की मन खोटं बोलायला लागतं. बरोबर आलेला तुक्का "मला येतच होतं" होतो आणि चुकलेला प्रश्न "सिली मिस्टेक" होतो.

म्हणून खूण पेपर सोडवतानाच प्रश्नपुस्तिकेत करायची. प्रश्नक्रमांकाशेजारी खात्री असेल तर काही नाही, दोन पर्यायांत अडकलात तर २, एकच पर्याय उडवता आला तर ३, आणि काहीच कळलं नाही तर टिंब. प्रश्नामागे एक सेकंद जातो. माझ्या बहिणीला ही सवय टेस्ट सिरीजमुळे होती, तिचं नशीब चांगलं म्हणा. तुम्ही खुणा केल्या नसतील तर पेपरच्याच संध्याकाळी, मित्रांशी उत्तरं जुळवायच्या आधी, कोरी पुस्तिका घेऊन बसा आणि आठवून करा. महिन्यानंतर आठवून केलेल्या खुणांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. तेव्हा पुढच्या सराव पेपरपासून सुरुवात केलेली बरी.

दुसरं म्हणजे तपासताना आपल्या संचाचीच तालिका घ्या आणि ती अंतिम असू द्या. पहिल्या तालिकेवर हरकती येतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. आणि उत्तर कार्बन प्रतीवरून तपासा, पुस्तिकेतल्या टिकेवरून नको. हे मुद्दाम सांगतोय, का ते पुढे कळेल.

वहीत मांडलेला पेपर

वहीत शंभर ओळी आखल्या. प्रश्नक्रमांक, विषय, खूण, बरोबर की चूक, आणि शेवटचा रकाना कोरा. तासभर लागला. मग खुणेप्रमाणे मोजलं तेव्हा चित्र असं निघालं.

खात्रीचे ४८ प्रश्न, त्यातले ४१ बरोबर, ७ चूक. दोनांत अडकलेले २२, त्यातले ८ बरोबर. तिनांतले ९, बरोबर ३. निव्वळ तुक्के १२, बरोबर ३. सोडून दिलेले ९. एकूण ५५ बरोबर, ३६ चूक. ५५ मधून ९ वजा, ४६.

निकालाच्या दिवशी तिच्या डोक्यात एकच आकडा होता, ३६ चुका. छत्तीस चुका म्हटलं की अभ्यासच नाही झाला असं वाटणारच. पण वहीत त्या छत्तीस चुका एका जातीच्या दिसत नाहीत. सात चुका अशा, जिथे तिला स्वतःवर पूर्ण विश्वास होता. चौदा अशा, जिथे ती अर्ध्या वाटेपर्यंत पोचली होती. उरलेल्या पंधरा जिथे ती मुळात अंधारातच होती. या तिन्हींवर एकच औषध चालणार नाही.

आधी खात्रीच्या चुका

बहुतेक जण तुक्क्यांपासून सुरुवात करतात, कारण तिथे चुकांची संख्या जास्त असते. मी उलटं सांगेन. खात्रीनं रंगवलेले आणि चुकलेले प्रश्न आधी घ्या. ते थोडे असतात, आणि प्रत्येकाचं कारण बोट ठेवून दाखवता येतं.

यासाठी एक चाचणी आहे. चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवायचा, पुस्तक न उघडता, घड्याळ न लावता, आणि बरोबर उत्तर माहीत नसताना. तिसरी अट अवघड, कारण तुम्ही तालिका आधीच पाहिलेली असते. म्हणून तपासणी दुसऱ्याकडून करून घ्या. मी तिला फक्त प्रश्नक्रमांक दिले, आणि मधे पाचेक बरोबर आलेले प्रश्नही मिसळले. नुसते चुकलेलेच दिले तर "पहिलं उत्तर नक्की चूक" एवढा इशारा मिळतो आणि चाचणी फुकट जाते. आता निवांत बसून प्रश्न सुटला, तर ज्ञान होतं, परीक्षेत वापरता आलं नाही. आताही तेच चुकीचं उत्तर आलं, तर गडबड ज्ञानात आहे.

सातपैकी दोन प्रश्न तिनं वाचताक्षणीच सोडवले. दोन्हींत "अयोग्य विधान ओळखा" होतं आणि तिनं योग्य विधान रंगवलं होतं. तिसऱ्याला पुस्तिकेत टिक ३ वर होती आणि कार्बन प्रतीवर गोल २ चा. हा प्रश्न आम्ही नुसत्या पुस्तिकेवरून तपासला असता तर बरोबर धरून बसलो असतो आणि बेरीज का जुळत नाही म्हणून डोकं खाजवत राहिलो असतो. चौथा प्रश्न पहिल्या तालिकेत बरोबर होता, अंतिम तालिकेत उत्तर बदललं. त्यात तिच्या हातात काही नव्हतं.

उरलेले तीन मात्र खरे दुखणे. प्रश्न हुबेहूब देत नाही, धाटणी सांगतो. एक पंचायत राज आणि नगरपालिकांच्या घटनादुरुस्त्यांवर होता. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि ७४ वी १ जून १९९३ ला. तिच्या डोक्यात या तारखा एकमेकींच्या जागी बसल्या होत्या, आणि निवांत बसून सोडवतानाही तिनं तितक्याच ठामपणे तेच उत्तर दिलं. दुसरा विज्ञानातला, जीवनसत्त्वांची अदलाबदल. तिसरा तर सोलापूरचाच. १९३० च्या मे महिन्यात इथे लष्करी कायदा लागला आणि चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. ती दोन्ही घटना १९३० मध्येच धरून बसली होती. त्याच हुतात्म्यांच्या चार पुतळ्यांवरून रोज अभ्यासिकेला जाणारी मुलगी. स्वतःलाच हसली बिचारी.

असं ठाम पण चुकीचं ज्ञान मी निव्वळ अज्ञानापेक्षा घातक मानतो. जे येत नाही तिथे माणूस बिचकतो, थांबतो, निदान टिंब तरी देतो. जे चुकीचं येतं तिथे तो थांबत नाही, आणि उजळणीतही ते पान "हे येतं" म्हणून उलटतो. या तीन प्रश्नांसाठी वहीच्या मागच्या पानावर वेगळी यादी केली. पुढच्या प्रत्येक सराव पेपरनंतर तिच्यात भर पडते.

दोनांत अडकलेले बावीस: नशीब इथेच मोजता येतं

आता तो भाग, जो मला चार प्रयत्नांत कुणी समजावला नाही.

एखाद्या एका प्रश्नाकडे बोट दाखवून "हे नशिबामुळे चुकलं" असं म्हणता येत नाही. दोन पर्याय उरले, एक निवडला, चुकला. यात नशीब किती आणि अर्धवट वाचन किती, ते त्या एका प्रश्नात दिसत नाही. नशीब दिसतं ते गठ्ठ्यात. दोनांत अडकलेले २२ प्रश्न असतील तर नाणं उडवल्यासारखे साधारण ११ बरोबर यायला हवेत. तिनांतल्या ९ मध्ये ३. निव्वळ तुक्क्याच्या १२ मध्येही ३. तिचे शेवटचे दोन गठ्ठे अगदी अपेक्षेप्रमाणे आले. बावीसच्या गठ्ठ्यात मात्र ११ च्या जागी ८.

तीन उत्तरं कमी आली. एक उत्तर चुकीचं होण्याऐवजी बरोबर आलं तर फरक सव्वा गुणाचा पडतो, कारण एक मिळतो आणि पाव वाचतो. तीन सव्वा म्हणजे ३.७५. ४६ मध्ये ३.७५ मिळवले की ४९.७५, कटऑफच्या वर.

हे कळल्यावर ती ताडकन म्हणाली, "म्हणजे माझा अभ्यास बरोबर होता काय की! नुसतं नशीब आडवं आलं."

थांब म्हटलं. दोन गोष्टी अजून तपासायच्या होत्या.

पहिली, हे खरंच नशीब आहे का. बावीस वेळा नाणं उडवलं तर ८ किंवा त्याहून कमी छापे साधारण सातात एकदा पडतात. म्हणजे काही जगावेगळं घडलेलं नाही. पण दुसरीही शक्यता असते. दोन पर्यायांतला चुकीचा पर्याय मुद्दाम फसवा केलेला असतो, आणि अर्धवट वाचणारा त्याच्याकडेच ओढला जातो. मग अर्ध्यापेक्षा कमी येणं हे नशीब नसून कच्चेपणाचा पुरावा होतो. हे ओळखायचं तर जुने पेपर काढावे लागतात. तिच्या सहा सराव पेपरांत दोनांत अडकलेले मिळून ११८ प्रश्न होते, त्यातले ६१ बरोबर. अर्ध्याच्या किंचित वर. म्हणजे तिचा एरवीचा कल फसव्या पर्यायाकडे नाही, आणि या पेपरातले ८ बऱ्यापैकी नशिबाच्या खात्यात टाकता येतात. हेच ११८ पैकी ४५ आले असते तर मी तो गठ्ठा नशिबाच्या खात्यात जाऊच दिला नसता. तेव्हा "पर्याय उडवण्याची" तिची पद्धतच तपासायला घेतली असती. क्लासचे सराव पेपर आयोगाच्या पेपरसारखे नसतात, त्यामुळे हा पुरावा पक्का नव्हे. पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बावीस, नऊ आणि बारा, असे मिळून ४३ प्रश्न तिनं कमी-अधिक अंदाजानं सोडवले. एवढ्या अंदाजांवर पेपर उभा असेल तर एकूण गुण निव्वळ योगायोगानं चारेक गुण वर किंवा खाली सहज जातात. गणित करून पाहिलं तर तीनपैकी दोन वेळा ते एवढ्याच पट्ट्यात राहतात, तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. म्हणजे तिची तयारी ५० गुणांच्या आसपासची होती, आणि ५० ची तयारी असलेला माणूस कधी ४६ घेऊन घरी येतो, कधी ५४ घेऊन. ४९ घेऊन पास झालेल्या तिच्या मैत्रिणीची तयारीही कदाचित तेवढीच असेल. त्या मैत्रिणीनं मात्र पेपर उघडूनही पाहिला नसणार.

यातून नशिबाला दोष देऊन मोकळं होता येत नाही, आणि नशिबासाठी योजनाही बदलता येत नाही. करता येतं ते एवढंच की कटऑफच्या अंदाजापेक्षा पाच-सहा गुण वरचं लक्ष्य धरायचं, आणि दोनांत अडकणाऱ्या प्रश्नांची संख्या कमी करायची. अंदाज कमी झाले की तो चार गुणांचा झोका आपोआप आखूड होतो.

बरोबर आलेल्या अंदाजांचाही हिशोब घ्या. दोनांतले ८, तिनांतले ३, तुक्क्यांतले ३ असे १४ गुण तिला न येणाऱ्या प्रश्नांचे मिळाले होते. निकाल चांगला लागला असता तर हे चौदा प्रश्न कुणी पुन्हा पाहिलेच नसते. वहीत मात्र ते चुकांच्याच ओळीत बसतात.

सोडून दिलेले नऊ आणि हरवलेली आठ मिनिटं

नऊ सुटलेल्या प्रश्नांपैकी सात अंकगणित-बुद्धिमत्तेचे होते. तिनं तो विभाग शेवटी ठेवला होता, "गणित वेळ खातं" म्हणून. पंधरापैकी आठच हाताला लागले, त्यातले सात बरोबर. उरलेले सात मी तिला घड्याळ लावून दिले, आठ मिनिटं. पाच बरोबर आले.

आता पाच गुण हुकले असं लगेच म्हणू नका. घरच्या टेबलावरचे पाच म्हणजे परीक्षेतले तीन-चार धरा. शिवाय ती आठ मिनिटं कुठून तरी आणावी लागणार. कुठून, हा खरा प्रश्न.

अर्ध्या तासाची घंटा झाली तेव्हा आपण किती प्रश्नांवर होतो ते तिला आठवत होतं, ४१. म्हणजे पहिला अर्धा तास संथ गेला होता. कुठे गेला ते टिंबांनी दाखवलं. तुक्क्याच्या बारा प्रश्नांपैकी बहुतेक अर्थव्यवस्था आणि इतिहासाचे, पेपरच्या पहिल्या निम्म्यात. त्या प्रश्नांवर ती काय करायची ते मी विचारलं. "दोनदा वाचायचे, जरा आठवून बघायचे, मग अंदाजानं रंगवायचे." प्रत्येकी चाळीस सेकंद धरले तरी आठ मिनिटं झाली.

चार पर्यायांतल्या निव्वळ तुक्क्याची किंमत काढून बघा. चारातून एकदा १ गुण मिळतो, तीनदा पाव-पाव जातो. चार प्रश्नांमागे पाव गुण उरतो, म्हणजे बारा प्रश्नांमागे पाऊण गुण. तिला नेमका तेवढाच मिळाला होता, ३ वजा २.२५. पाऊण गुणासाठी आठ मिनिटं दिली आणि जिथे त्याच आठ मिनिटांत तीन-चार गुण होते तो विभाग कोरा राहिला.

ही डावपेचाची चूक. ती सुधारायला एकही पान नवं वाचायची गरज नाही. "तुक्के मारूच नका" असाही याचा अर्थ नाही. पाव वजाबाकीत तुक्का सरासरीनं तोट्यात जात नाही, आणि एक पर्याय उडवता आला तर तो बऱ्यापैकी नफ्यात असतो. पण तुक्का पाच सेकंदांत मारायचा. विचार करून मारलेला तुक्का तुक्काच राहतो, फक्त महाग पडतो.

इथे एक घरगुती भानगड सांगायला हवी. पेपरच्या आदल्या रात्री अडीचला नळाला पाणी आलं, आणि मावशीच्या गुडघ्यामुळे पाणी भरायला हीच उठली. चारला झोपली. तिनं हे नशिबाच्या खात्यात लिहिलं होतं. मी खोडलं. सोलापुरात पाण्याची पाळी किती दिवसांनी येते हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पेपरच्या आदल्या रात्री पाळी आहे हे आठवडाभर आधी कळत होतं आणि घरात दोन धडधाकट भाऊ होते. जे आधी कळू शकत होतं आणि ज्यावर काही करता येत होतं ते नशीब नव्हे. केंद्रावर ऐनवेळी जनरेटर शेजारी धडधडायला लागला असता तर मात्र मी ते नशिबात लिहू दिलं असतं.

ज्ञानाची भोकं, आणि त्यातली कुठली बुजवायची

शेवटी तो ढीग, ज्याला सगळे सुरुवातीला हात घालतात. अंदाजाचे ४३ आणि ठाम-चुकीचे ३, मिळून ४६ प्रश्न. सोडून दिलेल्यांतले दोन प्रश्न चालू घडामोडींचे होते, ते मी यात धरले नाहीत. प्रत्येक प्रश्नासाठी एकच विचारायचं: याचं उत्तर माझ्याकडे आधीपासून असलेल्या पुस्तकात किंवा नोट्समध्ये आहे का? आठवून सांगायचं नाही, पान काढून दाखवायचं. यातच आमची सोमवार-मंगळवारची संध्याकाळ गेली.

४६ पैकी १९ प्रश्नांची उत्तरं तिच्याच नोट्समध्ये सापडली. काही तर लाल शाईत. ११ प्रश्न अभ्यासक्रमातल्या ज्या घटकांना तिनं हातच लावला नव्हता त्यांतले होते, मुख्यतः सार्वजनिक वित्त आणि महाराष्ट्राच्या भूगोलातले नदी-खोऱ्यांचे. उरलेले १६ कुठेच सापडले नाहीत. आडवाटेचे, एखाद्या अहवालातल्या कोपऱ्यातले. ते आम्ही चक्क सोडून दिले. आयोग दरवेळी असे काही प्रश्न टाकतो, आणि त्यांच्या मागे लागणारा विद्यार्थी पुढच्या वेळी त्याच १६ ची उत्तरं पाठ करून जातो. येतात मात्र वेगळेच १६.

आता १९ आणि ११ शेजारी ठेवा. नवं पुस्तक आणलं असतं तर त्या ११ चा काही भाग भरला असता. पण मोठा ढीग १९ चा आहे, आणि त्याला नवं पुस्तक लागत नाही. उलट त्या १९ नीच मार खाल्ला असता, कारण नव्या पुस्तकाची पहिली वाचणी उजळणीचे दोन महिने खाते. माझ्या कपाटातल्या तीस पानांच्या पुस्तकानं नेमकं हेच केलं होतं.

या १९ मध्ये एक पोटभेद होता. बाराएक प्रश्नांत तिला विषय माहीत होता, पण तारीख, क्रम किंवा जोडी निसटत होती. ७३-७४ सारखंच. अशा गोष्टी पुन्हा वाचून बसत नाहीत; झाकून लिहून काढाव्या लागतात. आठवड्यातून दोनदा, कोऱ्या कागदावर, मग वहीशी ताडून.

मग बदलायचं काय

पुण्याला जायचं की नाही, हे या वहीतून ठरत नाही. ते घरच्या पैशांचं आणि मनाचं गणित आहे. पण पुण्याला गेल्यानं यातलं काय दुरुस्त झालं असतं, ते मात्र दिसतं. "अयोग्य" शब्द चुकवणं पुण्यात थांबत नाही. गणित शेवटी ठेवणं पुण्यात थांबत नाही. नोट्समधले १९ पुण्यात आपोआप आठवत नाहीत. फार तर ११ ला मदत झाली असती.

आम्ही बदल तीनच ठरवले, आणि एकदम नाही. एकदम सगळं बदललं तर कशानं काय झालं ते कळत नाही. पहिल्या चार सराव पेपरांत फक्त क्रम बदलला. चालू घडामोडी झाल्या की लगेच अंकगणित, त्यालाही १५ मिनिटांची हद्द, आणि टिंबाच्या प्रश्नाला पाच सेकंद. सोबत एक छोटी सवय: "अयोग्य", "नाही", "चुकीचे" हे शब्द दिसले की पेनानं गोल करायचा आणि मगच विधानं वाचायची. पुढच्या चार पेपरांत झाकून लिहिण्याची उजळणी. ११ चे नवे घटक त्यानंतर, आणि तेही तिच्याकडच्याच पुस्तकातून.

पहिल्या चार पेपरांचा निकाल सरळ नाही आला. सोडून दिलेले प्रश्न ९ वरून सरासरी २ वर आले, गणितात पंधरापैकी १० ते ११ बरोबर यायला लागले. पण दुसऱ्या पेपरात गणितच २१ मिनिटं चाललं आणि शेवटचे विज्ञानाचे प्रश्न घाईत गेले, त्यातले चार खात्रीचे चुकले. हद्द ठरवली होती, पाळली नव्हती. तिसऱ्यापासून तिनं टेबलावर साधं काट्यांचं घड्याळ ठेवलं, कारण परीक्षेत मोबाईल नसतो आणि डिजिटल घड्याळ न्यायची सोय नाही.

अशी तपासणी कुणासाठी निरुपयोगी ठरते तेही सांगतो. तुमचे गुण कटऑफच्या पंधरा-वीस खाली असतील तर नशिबाचा हिशोब मांडत बसू नका, तो एवढं अंतर भरत नाही. खात्रीचे प्रश्न मोजा. ते तीसच्या खाली असतील तर डावपेचही नंतरची गोष्ट, आधी अभ्यासक्रम एकदा पुरा करा. आणि एकाच पेपरवरून "मी दोनांत नेहमी चुकतो" असा शिक्का मारून घेऊ नका. बावीस प्रश्न त्याला फार कमी आहेत, शंभरेक जमू द्या.

परवा तिनं पाचवा सराव पेपर वहीत चढवला आणि फोटो पाठवला. दोनांत अडकलेले १७, त्यातले १२ बरोबर. खाली लिहिलं होतं, "दादा, ५७ आले!" मी उत्तर पाठवलं, सतरात बारा म्हणजे साडेतीन नशिबाचे आहेत, त्यांना सव्वानं गुणून वजा कर. थोड्या वेळानं तिचा दुसरा फोटो आला. ५७ खोडून शेजारी ५२.६ लिहिलं होतं, आणि त्याखाली एक रागावलेला चेहरा काढला होता.